थोरल्या होम्सला आळशी का केलं?

शेरलॉक होम्सपेक्षा हुशार माणूस होम्सच्याच कथेत आणायचा आणि तरी वाचकाचं लक्ष होम्सवरून हलू द्यायचं नाही, हे अवघड काम आर्थर कॉनन डॉयलने १८९३ साली ‘द ग्रीक इंटरप्रिटर’ या कथेत केलं. तो माणूस म्हणजे शेरलॉकचा सात वर्षांनी मोठा भाऊ, मायक्रॉफ्ट.

त्याची हुशारी डॉयल नुसती सांगत नाही, दाखवतो. दोघे भाऊ क्लबच्या खिडकीतून रस्त्यावरचा एक माणूस न्याहाळतात. तो निवृत्त सैनिक आहे, हिंदुस्थानात नोकरी करून आलाय, विधुर आहे, हे दोघांच्या बोलण्यातून एकेक करत उलगडतं. त्याला मूल आहे, असं शेरलॉक म्हणतो. एक नव्हे, जास्त, असं मायक्रॉफ्ट सुधारतो. त्या माणसाच्या हातात खुळखुळा आहे, म्हणजे एक मूल तान्हं. आणि काखेत चित्रांचं पुस्तक आहे, म्हणजे दुसरं त्याहून मोठं. धाकटा भाऊ इथे सरळ हरतो.

आता हा माणूस कथा गिळून टाकणार, असं वाटतं. पण डॉयलने त्याला दिलेली लकबच त्याला अडवते. मायक्रॉफ्ट कमालीचा आळशी आहे. घर, कचेरी आणि डायोजिनिस क्लब एवढंच त्याचं जग. क्लबात तो रोज पावणेपाच ते सात चाळीसपर्यंत बसतो, आणि तिथे एकमेकांशी बोलायला बंदी! आपला तर्क बरोबर आहे का, हे पडताळायला उठण्यापेक्षा लोकांनी आपल्याला चूक ठरवलेलं त्याला परवडतं. रहस्यकथेच्या नायकाचं मुख्य काम धावपळ करून पुरावा गोळा करणं. नेमकं तेच मायक्रॉफ्टला नको असतं, म्हणून नायकाची जागा शेरलॉककडेच राहते.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. होम्सच्या एकूण साठ कथा-कादंबऱ्यांपैकी मायक्रॉफ्ट ठळकपणे येतो तो फक्त दोन कथांत. १९०८ च्या दुसऱ्या कथेत तो बेकर स्ट्रीटला स्वतः येतो, तेव्हा प्रकरण किती गंभीर आहे हे वाचकाला वेगळं सांगावं लागत नाही. इतका जागेवरचा माणूस हलला, यातच सगळं आलं. तिथेही तो काम धाकट्यावर सोपवतो.

नवे लेखक बहुधा उलटं करतात. दुय्यम पात्राला तकियाकलाम, विचित्र टोपी, सतत पान खाणं असं काहीतरी चिकटवतात आणि वाचकांना ते आवडलं की प्रत्येक प्रसंगात त्याला उभं करतात. मग कथेतला निर्णायक शोधही त्याच्याच तोंडी येतो आणि नायक बाजूला उभा राहून ऐकतो. पात्र हाताबाहेर गेल्याची हीच खूण.

तुमच्या कथेत असं होत असेल, तर त्या पात्राची लकब पुसू नका. नायकाला जे करायचंच आहे, तेच त्या पात्राला जमू नये किंवा नकोसं वाटावं, अशी ती वळवून बघा.