भाडे न देणारा पाहुणा

माझ्या मामांची भोपाळला, अरेरा कॉलनीत एक सदनिका आहे. नोकरी संपल्यावर मामा बेळगावला आले आणि २०११ साली त्यांनी चुलत भावाच्या मुलाला 'नोकरीचे जमेपर्यंत राहा' म्हणून किल्ली दिली. भाडे ठरले नाही, कागद झाला नाही. आता घर रिकामे करा म्हटले की तो उत्तर देतो, "बारा वर्षे उलटली, घर माझे झाले!"

हे बारा वर्षांचे खूळ आपल्याकडे फार पसरले आहे. वास्तविक ती मुदत मालकाचा हक्क उघडपणे नाकारून ताबा ठेवणाऱ्यासाठी आहे. परवानगीने राहणाऱ्याची वर्षे त्यात मोजत नाहीत. असा नातलग भाडेकरू नसतो, त्यामुळे भाडेकरूचे संरक्षणही त्याला नाही. मालकाने परवानगी मागे घेतली की सामान हलविण्यापुरता वाजवी अवधी देऊन त्याने निघावे, एवढाच त्याचा हक्क. मात्र परवानगीच्या आधारे त्याने पदरच्या पैशाने पक्के बांधकाम केले असेल, तर ती परवानगी मागे घेणे अवघड होते. रंगरंगोटी त्यात येत नाही.

या बाबतीत गोव्यातील एक खटला वाचण्यासारखा आहे. मारिया मार्गारिदा यांनी आपले घर भाऊ एराज्मो सिक्वेरा यांच्याकडे देखरेखीसाठी सोपविले होते. हे एराज्मो म्हणजे माजी खासदार! पुढे ताबा गेल्याची तक्रार करून भावानेच दावा लावला आणि खालच्या न्यायालयांत तो जिंकलाही. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरविला. देखरेख करणारा कितीही वर्षे राहिला तरी त्याला घरात हक्क मिळत नाही, असे न्यायालयाने सांगितले. शिवाय ताबा सांगणाऱ्याने तपशील द्यावा: घरात केव्हा, कोणाच्या सांगण्यावरून आलात? खरेदीखत, बक्षीसपत्र, भाड्याची पावती यांपैकी काय आहे? आमच्या पुतण्यापाशी यांपैकी एकही कागद नाही.

मामांचा पहिला विचार होता, तो सासुरवाडीला गेला की कुलूप बदलायचे. वकिलांनी तो ऐकताच हात जोडले! जबरीने काढलेला माणूस सहा महिन्यांच्या आत दावा लावू शकतो आणि त्या दाव्यात मालकी कोणाची हे पाहतच नाहीत. खटला जिंकण्याच्या स्थितीतला मालक मग आरोपीसारखा उभा राहतो.

तेव्हा मामांनी रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठविली: परवानगी रद्द, तीस दिवसांत घर सोडा. त्यानंतर 'थोडे पैसे देतो' असा त्याचा निरोप आला. तो मामांनी नाकारला, कारण घेतलेली रक्कम उद्या भाडे म्हणून दाखविली गेली असती. मुदत गेली की भोपाळच्याच दिवाणी न्यायालयात ताब्याचा दावा, आणि नोटिशीनंतरच्या वापराची भरपाईही त्यातच मागायची. खरेदीखत, कराच्या पावत्या, जुनी पत्रे मामींनी जपून ठेवली आहेत. दर तारखेला मामांना जाणे झेपणार नाही, म्हणून भोपाळच्या एका मित्राच्या नावे मुखत्यारपत्र केले आहे.

हे सारे घर एकट्या मामांच्या नावावर आहे म्हणून. आजोबांचे घर असून तो नातलगही वारस असता, तर त्याला बाहेर काढण्याचा दावा चाललाच नसता. वाटपाचाच दावा करावा लागला असता.