वायर तापते, मीटर कमी दाखवतो

संगणकांच्या खोलीकडे जाणारी फेजची वायर हाताला गरम लागते, पण तिच्याभोवती लावलेला क्लॅम्प मीटर जेमतेम 2.8 अँपिअर दाखवतो. अशा वेळी मीटर मोजतो कसा, ते आधी पाहावं.

साधा मीटर प्रवाहाची दिशा सोडून नुसती सरासरी काढतो आणि तिला 1.11 ने गुणतो. हा गुणक फक्त साइन लहरीला लागू पडतो. संगणकाचा पॉवर सप्लाय मात्र व्होल्टेजच्या माथ्यापाशीच, झटक्यात प्रवाह ओढतो. हिशेब सोपा व्हावा म्हणून हा झटका चौकोनी धरू: पाव वेळ 10 अँपिअर, उरलेला वेळ शून्य. सरासरी 2.5, म्हणून मीटरवर 2.78. पण वायर तापते प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात. 10 चा वर्ग 100, त्याचा पाव 25, त्याचं वर्गमूळ 5. ट्रू आरएमएस मीटर हाच आकडा दाखवतो. म्हणजे वायरमधली उष्णता साध्या मीटरवरून वाटली त्याच्या जवळपास सव्वातीन पट!

शंका आली तर दोन्ही मीटर आधी हीटरच्या वायरवर लावून पाहा. तिथे आकडे जुळले आणि संगणकांच्या वायरवर फारकत दिसली, तर फरक लहरीच्या आकाराचा आहे. झटके फारच अरुंद आणि उंच असले, तर ट्रू आरएमएस मीटरही चुकतो. त्याची मर्यादा माहितीपुस्तिकेत ‘क्रेस्ट फॅक्टर’ या नावाने दिलेली असते.