देण्याची तिथी, घेण्याचा मुहूर्त

वैशाख शुद्ध तृतीयेला अक्षय्य तृतीया म्हणतात. खानदेशात तिची आखाजी झाली, तर विदर्भ-मराठवाड्यात ती आखिती या नावाने ओळखली जाते. धर्मशास्त्राच्या हिशेबात ही युगादी तिथी आहे, म्हणजे एका युगाचा आरंभ जिथून मोजतात तो दिवस. बहुतेक ठिकाणी हे युग त्रेतायुग समजतात, काही ग्रंथ कृतयुग सांगतात. वर्षात अशा चार युगादी तिथी येतात. त्या दिवशी स्नान, जप, होम, दान आणि पितृतर्पण करावे आणि केलेल्या कर्माचे फळ क्षय पावत नाही, असे पुराणे सांगतात. ‘अक्षय्य’ हे विशेषण मुळात या फळाचे आहे. ते विकत घेतलेल्या वस्तूला चिकटले, ही गोष्ट बरीच अलीकडची.

महाराष्ट्रात ही तिथी साडेतीन मुहूर्तांत मोडते. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया आणि दसरा हे पूर्ण मुहूर्त आणि बलिप्रतिपदा अर्धा, अशी गणना सर्वाधिक प्रचलित आहे. अर्धा मुहूर्त कोणता याबद्दल मात्र घरोघरी वेगळी मते ऐकू येतात. या दिवशी वेगळा मुहूर्त काढावा लागत नाही. ज्योतिषी त्याचे कारण असे देतात की वैशाखाच्या तृतीयेला सूर्य सहसा मेषेत आणि चंद्र वृषभेत असतो, आणि या दोघांच्या त्या उच्च राशी होत. यातला आकाशाचा भाग गणिताने पटण्यासारखा आहे. शुद्ध तृतीयेला चंद्र सूर्याच्या २४ ते ३६ अंश पुढे असतो, आणि एक रास ३० अंशांची. म्हणजे सूर्य मेषेत असताना चंद्र वृषभेत किंवा तिच्या आसपास सापडणारच. त्यावरून दिवस शुभ मानायचा की नाही, हा श्रद्धेचा प्रश्न.

या दिवसाचे मुख्य दान सोन्याचे नाही, पाण्याचे आहे. त्याला उदकुंभदान म्हणतात. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्याय यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या ‘धर्मसिंधु’ या निर्णयग्रंथात अक्षय्य तृतीयेच्या कृत्यांत ते येते. पाण्याने भरलेला घडा गंध, तीळ, फळ यांसह सत्पात्र व्यक्तीला द्यायचा. एक देवांच्या प्रीत्यर्थ आणि एक पितरांच्या. यवाला, म्हणजे जवाला, या दिवशी विशेष मान आहे. दानाच्या वस्तूंची परंपरेने चालत आलेली यादी पाहिली तर ऋतू डोळ्यांसमोर उभा राहतो: माठ, पंखा, छत्री, पादत्राणे, सातू, दहीभात, गूळ, ऊस, चंदन. वैशाखातल्या उन्हात वाटसरूला जे जे लागेल, ते ते तिच्यात आहे. गावोगावच्या पाणपोया याच सुमारास सुरू होतात, त्यामागेही हाच संस्कार आहे.

भविष्य पुराणातली या व्रताची कथाही दात्याचीच आहे, आणि तो दाता धंद्याने वाणी आहे. शाकल नगरातल्या या वैश्याचे नाव धर्म. वैशाख तृतीयेचे माहात्म्य कानावर पडल्यावर तो गंगेत स्नान करून पितरांचे तर्पण करतो आणि घरी येऊन पाण्याचे घडे, जव, गहू, हरभरा, दहीभात, उसाचे पदार्थ ब्राह्मणांना देतो. संसाराला चिकटलेली बायको त्याला अडवते, पण तो ऐकत नाही. पुढच्या जन्मी तो कुशावतीचा राजा होतो आणि कितीही दान केले तरी त्याची संपत्ती आटत नाही. या कथेत दानाच्या वस्तूंबरोबर यथाशक्ती सोनेही येते, पण तेही द्यायच्या यादीत. जैन परंपरेतला या दिवसाचा प्रसंगही दानाचाच. वर्षाहून अधिक काळ निराहार राहिलेल्या भगवान ऋषभदेवांना हस्तिनापूरच्या श्रेयांसाने उसाचा रस दिला आणि त्यांचे पारणे झाले. वर्षीतप करणारे जैन आजही याच दिवशी उसाच्या रसाने पारणे करतात.

पितरांचा संबंध युगादी तिथीमुळे येतो. या दिवशीचे श्राद्ध अपिंडक असते, म्हणजे त्यात पिंडदान नसते. श्राद्ध जमले नाही तर निदान तिलतर्पण करावे, असे सांगितले आहे. लोकाचारात या शास्त्रोक्त विधीपेक्षा घागर भरण्याला अधिक महत्त्व आले, आणि ते सर्वांत ठसठशीत दिसते ते खानदेशात.

आखाजीच्या आधीच्या बाजारात नवी मातीची घागर घेतली जाते. सणाच्या सकाळी घरातले लोक उंबरठा धुऊन त्याची पूजा करतात आणि एकेका पूर्वजाचे नाव घेत त्यावर कुंकवाचे एकेक बोट उमटवतात. ज्याचे नाव घेतले, त्याला घरी येण्याचे ते आमंत्रण. मग घागर पाण्याने भरून धान्यावर ठेवतात. तिच्या तोंडावर लहान मातीचे भांडे, त्यावर खरबूज, शेजारी आंबे आणि सांजोऱ्या अशी मांडणी होते. स्वयंपाक पुरणपोळी किंवा खापरावरचे मांडे, आमरस, कुरडया, पापड असा असतो. दुपारी चुलीतल्या विस्तवावर पितरांच्या नावाने घास टाकतात, आणि त्यानंतरच घरची माणसे जेवायला बसतात. अनेक घरांत हा नैवेद्य होईपर्यंत त्या मोसमातला आंबा चाखत नाहीत. विदर्भात याच विधीसाठी ‘करा’ आणि ‘केळी’ ही मातीची भांडी पाण्याने भरून पुजतात, आणि ताटात चिंच-गुळाची चिंचवणी हवीच असते.

एवढे पितृकार्य असूनही हा दिवस शोकाचा नाही. खानदेशात सासुरवाशिणी आखाजीला माहेरी येतात, कडुनिंबाला झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. सालदाराचे वर्षही याच सणाला संपते आणि पुढच्या सालाची बोलणी होतात. इथे एक विसंगती भासते. भाद्रपदातल्या पितृपक्षात सोने किंवा गाडी घ्यायला लोक कचरतात, मग पितरांच्याच या दिवशी खरेदी शुभ कशी? उत्तर तिथीच्या स्वभावात आहे. युगादी ही पुण्यतिथी आहे आणि श्राद्ध हे त्या दिवशीच्या पुण्यकर्मांपैकी एक. शास्त्रांच्या दृष्टीने श्राद्ध अशुभ नाहीच. पितृपक्षातली खरेदीची भीती ही लोकांनी नंतर बाळगलेली आहे.

आता सोने. या दिवशी ते विकत घ्यावे, असा विधी वरच्या कर्मांत कुठेही नाही. तरी ही चाल हवेतून आलेली नाही. मुहूर्ताला गुंजभर तरी सोने घ्यावे, ही मराठी घरांतली जुनी सवय आहे. दसरा, पाडवा आणि गुरुपुष्यामृत यांनाही ती पाळली जाते. एका तोळ्याच्या ९६ गुंजा होतात, म्हणजे गुंजभर सोने ग्रॅमच्या आठव्या हिश्शाइतकेच. त्यात भर पडली ती हंगामाची. वैशाखात रब्बीचा पैसा शेतकऱ्याच्या हाती आलेला असतो आणि लग्नसराई ऐन भरात असते, त्यामुळे मंगळसूत्र-बांगड्या या महिन्यात घ्याव्याच लागतात. शुभ दिवस, हातातला पैसा आणि खरी गरज एकत्र आल्यावर सराफाच्या पेढीवर गर्दी होणारच.

या घरगुती सवयीचा देशव्यापी बाजार व्हायला मात्र कायदा बदलावा लागला. १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आले आणि नवे दागिने १४ कॅरटच्या वर घडवण्यास बंदी झाली. पुढे ती सैल झाली, पण १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याने सोन्याच्या विटा-बिस्किटे बाळगण्यावर आणि सराफांच्या व्यवहारांवर कडक बंधने कायम ठेवली. परदेशातून उघडपणे सोने आणणेही जवळपास अशक्य होते. हा कायदा १९९० मध्ये रद्द झाला, तेव्हा अर्थमंत्री होते कोकणातून निवडून गेलेले मधु दंडवते. पाठोपाठ आयात मोकळी होत गेली आणि १९९७ पासून बँकांना सोने आयात करून विकण्याची मुभा मिळाली. माल मुबलक झाल्यावर तो विकायला निमित्त हवे होते. खाणकंपन्यांनी १९८७ मध्ये स्थापन केलेली वर्ल्ड गोल्ड कौन्सिल ही संस्था आणि सराफांच्या साखळी पेढ्या यांनी अक्षय्य तृतीयेच्या जाहिराती सुरू केल्या. तमिळनाडूत तर विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत या दिवशी सोने घेण्याची चाल फारशी नव्हती. काही वर्षांतच तिथल्या पेढ्या पहाटेपासून उघडू लागल्या. जाहिरातींनी कुबेराची, लक्ष्मीची आणि द्रौपदीच्या अक्षय पात्राची कथा पुढे आणली. घड्यातून पाणी देणारा शाकलचा वाणी त्यांत दिसत नाही. त्याचे कारण उघड आहे.

मुहूर्ताचे सोने ‘अक्षय’ राहते हा दावा पावतीवर तपासून पाहावा. २२ कॅरटच्या दागिन्यावर ‘९१६’ हा आकडा असतो, म्हणजे १० ग्रॅम दागिन्यात शुद्ध सोने ९.१६ ग्रॅम. त्यावर घडणावळ लागते, तीही नक्षीकामाप्रमाणे कमी-जास्त, आणि वर ३ टक्के जीएसटी. दागिना परत विकताना भाव सोन्याचाच मिळतो. घडणावळ आणि कर परत येत नाहीत. सोन्याचा भाव मुहूर्त पाहून चढत-उतरत नाही, आणि अशा दिवशी ‘घडणावळीत सूट’ जाहीर झाली की आधीची घडणावळ किती होती, हे विचारणे योग्य. १ एप्रिल २०२३ पासून विक्रीच्या हॉलमार्क दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असणे बंधनकारक आहे. भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर तो टाकला की दागिन्याचा प्रकार, शुद्धता आणि हॉलमार्क करणारे केंद्र दिसते. गर्दीच्या दिवशीही पैसे देण्यापूर्वी हा क्रमांक पाहून घ्यावा आणि पावतीवर सोन्याचे वजन, घडणावळ व कर वेगवेगळे लिहून मागावेत.