लेबलवरील छपाई आणि औषधाची मुदत : डायरेक्ट थर्मल व रिबन पद्धतींचा विचार

औषधालयांत संगणकावरून लेबल छापणारी लहान यंत्रे आता सर्वत्र दिसतात. ही यंत्रे दोन प्रकारे छपाई करतात. पहिल्या प्रकारास डायरेक्ट थर्मल व दुसऱ्यास थर्मल ट्रान्सफर अथवा व्यवहारात रिबन छपाई असे म्हणतात. यंत्रातून बाहेर पडताना दोन्ही लेबले सारखीच काळीभोर व सुबक दिसतात. त्यांतील अंतर काही महिन्यांनी, आणि तेलाच्या बाटलीवर तर त्याही आधी, लक्षात येते. म्हणून कोणत्या कामास कोणती पद्धत घ्यावी, याचे विवेचन येथे करीत आहोत.

दोहोंतील मूलभूत फरक

डायरेक्ट थर्मल पद्धतीत शाई नसतेच. कागदावर एक विशिष्ट लेप दिलेला असतो. या लेपात रंगहीन अवस्थेतील रंजकद्रव्य आणि त्यास रंग आणणारे आम्लधर्मी द्रव्य शेजारी शेजारी असतात. यंत्राच्या छपाई-पट्टीवरील, म्हणजे ‘हेड’वरील, सूक्ष्म बिंदू तापले की तेवढ्या जागी ही द्रव्ये वितळून एकत्र येतात व कागद काळा होतो. ध्यानात ठेवावयाची गोष्ट ही की, हा संयोग कायमचा नसतो. तेल, तूप किंवा प्लॅस्टिक मऊ ठेवणारी द्रव्ये लेपात शिरली की दोन्ही घटक पुन्हा विलग होतात व अक्षर फिके पडत जाते. सूर्यप्रकाशानेही असेच घडते. याउलट उष्णता किंवा स्पिरिट लागल्यास कोरा भागही काळवंडतो व अक्षरे त्यात बुडून जातात.

रिबन पद्धतीत साधा कागद अथवा प्लॅस्टिकची पातळ पट्टी आणि तापलेले हेड यांच्यामधून शाईचा थर दिलेली रिबन सरकत असते. उष्णतेने शाई वितळून लेबलावर चिकटते. लेबल स्वतः उष्णतेने बदलत नसल्याने अक्षर टिकून राहते. ते किती टिकेल हे रिबनच्या जातीवर अवलंबून असते. मेणाची म्हणजे वॅक्स रिबन कागदास योग्य असते, परंतु नखाने वा तेलकट बोटाने घासल्यास तिची अक्षरे पसरतात. रेझिन रिबनची शाई पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या लेबलावर घट्ट बसते व तेलाने सहसा सुटत नाही. या दोहोंच्या मधली वॅक्स-रेझिन रिबन गुळगुळीत क्रोमो कागदावर चांगले काम देते. जोडी चुकली तर चांगली रिबनही निरुपयोगी ठरते. पॉलिएस्टरवर मेणाची छपाई सहज पुसली जाते आणि खरखरीत कागदावर रेझिनची अक्षरे तुटक उमटतात.

हाती आलेला रोल कोणता हे ओळखण्यासाठी लेबलावर नखाने जोरात रेघ ओढावी. काळी रेघ उमटली तर तो डायरेक्ट थर्मल कागद होय. काहीच न उमटल्यास त्याला रिबन लागणार हे निश्चित समजावे.

तीन कामे, तीन निर्णय

कुरिअरच्या पार्सलवरील चिठ्ठीचे आयुष्य काही दिवसांचे असते. तेथे डायरेक्ट थर्मल सर्वथा योग्य आहे. रिबन बदलण्याचा व्याप नाही व खर्चही कमी. दक्षता एवढीच घ्यावी की, चिठ्ठीवरील बारकोडावर पारदर्शक चिकटपट्टी लावू नये. तिच्या गोंदामुळे छपाई फिकी पडू शकते आणि पट्टीच्या चकाकीमुळे बारकोड वाचण्यासही अडचण येते. पार्सलात तेलाच्या बाटल्या असतील तर त्या आत स्वतंत्र पिशवीत बंद कराव्यात, कारण गळती झाल्यास पत्ताच नाहीसा होण्याचा संभव असतो.

फळीवरील नाव व किंमत दर्शविणारे लेबल किंमत बदलली की बदलावेच लागते. चूर्णे, वटी इत्यादींच्या फळ्यांना डायरेक्ट थर्मल चालते; त्यातही वर संरक्षक लेप असलेला कागद घ्यावा. मात्र तेल, घृत व अवलेह यांच्या फळ्या, काचेच्या दर्शनी कपाटातील ऊन येणारी जागा आणि भट्टीजवळची भिंत येथे क्रोमो कागदावर वॅक्स-रेझिन रिबनच वापरावी.

बाटलीवरील बॅच क्रमांकाचे लेबल, वनस्पतींच्या नमुन्यांच्या बरण्या, कच्च्या मालाच्या कोठ्या आणि उपकरणांवरील पट्ट्या ही तिसरी जात. येथे आमचे मत निःसंदिग्ध आहे : डायरेक्ट थर्मल वापरू नये. औषधे नियम, १९४५ मधील नियम १६१ अन्वये आयुर्वेदीय औषधाच्या सर्वांत आतील पात्रावरील तपशील छापील अथवा न पुसल्या जाणाऱ्या शाईने लिहिलेला असावा लागतो. छापताना नियमाची पूर्तता झाली असे वाटले, तरी वर्षाने अक्षरे उडाली तर त्या छपाईचा उपयोग काय? एखाद्या बॅचविषयी तक्रार आल्यास उरलेल्या बाटल्या परत मागविण्याचा एकमेव आधार तो क्रमांकच असतो.

एक उदाहरण

समजा, आपण सिद्ध तेलाच्या १०० मिलीच्या बाटल्या भरता आणि औषधाची मुदत ३ वर्षे आहे. बाटलीच्या तोंडाशी तेलाचा ओघळ येणारच आणि रुग्ण तेलकट हातानेच ती धरणार. म्हणून येथे पॉलिप्रॉपिलीनचे ५० मिमी रुंद व २५ मिमी उंच लेबल आणि रेझिन रिबन निवडावी. दोन लेबलांमध्ये ३ मिमी अंतर धरल्यास प्रत्येक छपाईस २८ मिमी रिबन सरकते. ३०० मीटरच्या रिबनमधून सुमारे १०,७०० छपाया निघतात. रोलवर लेबले दोन-दोनच्या ओळीत असतील व रिबन ११० मिमी रुंद असेल, तर लेबलांची संख्या दुप्पट होते. रिबनची रुंदी लेबलांच्या आधार-कागदाहून किंचित अधिक असावी. अरुंद रिबन घेतल्यास तिच्या कडेबाहेर हेड थेट कागदावर घासून झिजते.

पूर्ण बॅच छापण्यापूर्वी चार लेबले छापून रिकाम्या बाटल्यांना लावावीत. एकावर त्याच तेलाचे थेंब घालून दुसऱ्या दिवशी कापडाने घासावे. दुसरे स्पिरिटच्या बोळ्याने पुसावे. तिसरे उन्हाच्या खिडकीत व चौथे बंद खणात ठेवून महिनाभराने दोहोंची तुलना करावी. तेलाने अक्षर सुटले तर रिबन व लेबल यांची जोडी बदलावी. अक्षरे मुळातच भुरकट असतील तर यंत्राची उष्णता थोडी वाढवावी किंवा वेग कमी करावा. सर्व लेबलांवर एकाच जागी उभी पांढरी रेघ दिसल्यास हेडवर मळ साचला आहे असे समजून, यंत्र बंद व थंड करून आयसोप्रोपिल अल्कोहोलने ते पुसावे. तरीही रेघ गेली नाही तर हेडमधील तो बिंदू निकामी झालेला असतो.

देवनागरी अक्षरांविषयी एक सूचना. २०३ डीपीआयच्या यंत्रात प्रत्येक मिलिमीटरला ८ बिंदू असतात. बारीक अक्षरांतील अनुस्वार व रफार त्यात भरून जातात. लेबल लहान असेल तर ३०० डीपीआयचे यंत्र घेणे इष्ट.

खरेदी करताना

रिबनचे यंत्र बहुधा रिबन काढून व यंत्रातील छपाईचा प्रकार बदलून डायरेक्ट थर्मल छपाईही करू शकते. केवळ डायरेक्ट थर्मल असलेल्या यंत्रात मात्र रिबन बसवता येत नाही. ज्या औषधालयात फक्त पार्सले पाठविली जातात, त्यास साधे यंत्र पुरेसे आहे. जेथे स्वतः औषधे भरली जातात, तेथे रिबनचेच यंत्र घ्यावे आणि कुरिअरच्या चिठ्ठ्यांसाठी रोज रोल बदलावा लागत असल्यास दुसरे साधे यंत्र जोडीला ठेवावे.