एकाच मसुद्याचे त्रिस्तरीय परीक्षण : बदलांची नोंद आणि तपासणीसूची

प्रास्ताविक

महाविद्यालयात तयार होणारे बहुतेक लेखन आज संगणकावरच सिद्ध होते. अभ्यासपुस्तिका, प्रयोगवही, विस्तारकार्याची माहितीपत्रके यांचा मसुदा लेखक, भाषेची बाजू पाहणारा संपादक आणि विषयतज्ज्ञ अशा तिघांच्या हातांखालून जातो. मायक्रोसॉफ्ट वर्डमधील Track Changes ही सोय या कामी सर्वत्र वापरली जाते. ती चालू असली की प्रत्येक बदल नोंदला जातो आणि काहीही निसटत नाही, असा सार्वत्रिक समज आहे. प्रस्तुत लेखिकेचाही तसाच होता. तो कोठे अपुरा पडतो आणि तपासणीसूचीने ती उणीव कशी भरून काढता येते, हे एका प्रत्यक्ष प्रसंगाच्या आधारे येथे मांडावयाचे आहे.

प्रसंग

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरासाठी अतिसारावरील घरगुती उपचारांची एक छोटी पुस्तिका तयार करण्याचे ठरले. लेखन प्रस्तुत लेखिकेने केले. गृहविज्ञान विभागातील एक ज्येष्ठ प्राध्यापिका विषयतज्ज्ञ होत्या, तर मराठी विभागातील एका सहकाऱ्यांनी संपादनाची बाजू सांभाळली.

पुस्तिकेतील सर्वांत महत्त्वाचे वाक्य घरी जलसंजीवनी कशी करावी हे सांगणारे होते. मूळ मसुद्यात ते असे होते : ‘एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवावे.’ विषयतज्ज्ञ बाईंनी त्यात दोन ठिकाणी ‘सपाट’ हा शब्द घातला : सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. येथे चमचा म्हणजे पाच मिलिलिटरचा लहान चमचा. शीग भरून घेतला तर त्यात पुष्कळ अधिक, कधी दुपटीच्या जवळपास पदार्थ मावतो. मीठ अधिक झाले तर बालकाच्या रक्तातील सोडियम वाढून जिवाला धोका संभवतो. साखर अधिक झाली तर आतड्यात पाणी ओढले जाऊन जुलाब उलट वाढतात. म्हणजे ‘सपाट’ हे येथे नुसते विशेषण नाही, ते माप आहे.

यानंतर फाईल संपादकांकडे गेली. एकाच वाक्यात ‘सपाट’ दोनदा आलेला पाहून त्यांना ती द्विरुक्ती वाटली आणि त्यांनी दोन्ही शब्द काढून टाकले. भाषेच्या दृष्टीने त्यांचे चुकले असे म्हणता येणार नाही. वाक्य खरोखरच अधिक सुटसुटीत झाले होते.

पुस्तिका छापून आली. शिबिराच्या आदल्या दिवशी सराव चालू असता एका विद्यार्थिनीने पुस्तिका वाचत वाचत मिठाचा चमचा शीग भरून उचलला. ‘अगं, सपाट, सपाट! लिहिलंय ना तिथं,’ असे बाई म्हणाल्या. तिने पुस्तिका पुढे केली. तेथे तसे काहीही लिहिलेले नव्हते. ती सर्व संध्याकाळ आम्ही प्रत्येक प्रतीत तो शब्द शाईने लिहिण्यात घालवली.

नोंद का राहिली नाही?

साहजिकच प्रथम फाईल उघडून पाहिली. बदलांची नोंद प्रारंभापासून चालू होती. संपादकांनी केलेले अन्य बदल लाल अक्षरांत दिसत होते. मात्र ‘सपाट’ हा शब्द घातल्याची खूण नव्हती आणि काढल्याचीही नव्हती. लेखिकेचे मूळ वाक्य जणू कोणी हातच लावला नाही असे उभे होते.

याचे कारण त्या सोयीच्या कार्यपद्धतीत आहे. वर्ड प्रत्येक बदलासोबत तो करणाऱ्याचे नाव नोंदवते. एकाने घातलेला शब्द दुसऱ्याने काढला, तर घालणे आणि काढणे या दोन्ही खुणा राहतात. परंतु स्वतः घातलेला आणि अद्याप स्वीकारला न गेलेला शब्द त्याच व्यक्तीने काढला, तर तो निखालस नाहीसा होतो. आपणच टाकलेली वीट आपणच उचलली, त्यात नोंदण्याजोगे काय, असा त्यामागील विचार आहे आणि एकट्या लेखकाच्या बाबतीत तो योग्यच आहे. पण वर्डला माणूस ओळखता येत नाही, ते केवळ नाव ओळखते. आम्ही तिघांनीही विभागातील एकाच संगणकावर काम केले होते आणि त्या संगणकावर वापरकर्त्याचे नाव Admin असे होते. त्यामुळे वर्डच्या लेखी बाईंचा शब्द आणि संपादकांची खोड एकाच माणसाची ठरली.

येथे एक गोष्ट आवर्जून नमूद करावीशी वाटते. Lock Tracking या पर्यायाने परवलीचा शब्द घालून नोंद बंद करण्यास मज्जाव करता येतो, पण त्यानेही हा दोष टळत नाही. कारण नोंद बंद झालेलीच नसते. उपाय साधा आहे : काम सुरू करण्यापूर्वी File, Options, General येथे जाऊन User name या चौकटीत स्वतःचे नाव लिहावे. संगणकावर ऑफिसचे सामायिक खाते उघडलेले असेल, तर त्याखालील Always use these values regardless of sign in to Office ही खूणही करावी. काम झाल्यावर फाईल पुढे धाडण्यापूर्वी एखाद्या बदलावर कर्सर नेऊन आपलेच नाव दिसते ना, हे पाहावे. याला अर्धे मिनिट लागते.

नाहीशी झालेली खूण शोधण्याचा मार्गही आहे. बाईंनी परत केलेली प्रत सुदैवाने ईमेलमध्ये शिल्लक होती. Review मधील Compare या आज्ञेने ती आणि संपादकांची प्रत शेजारी ठेवताच दोन्ही ‘सपाट’ उघडे पडले. तुलना करताना वर्ड दोन्ही प्रतींतील प्रलंबित बदल स्वीकारले गेले असे धरते, म्हणून नोंदीतून निसटलेलेही तिच्यात सापडते. मात्र त्यासाठी प्रत्येक टप्प्याची प्रत वेगळ्या नावाने राखून ठेवलेली असावी लागते. एकाच फाईलवर वरचेवर साठवत गेल्यास तुलना करावयास काहीच उरत नाही. तुलनेत Word level हा पर्याय ठेवावा. अक्षरपातळीवरील तुलनेत देवनागरीतील सुट्या मात्रा आणि अनुस्वार वेगळे दाखवले जातात आणि वाचणाऱ्याला अर्थबोध होत नाही. त्याच कारणाने परीक्षकांनीही एखादी वेलांटी बदलण्याऐवजी संपूर्ण शब्द नव्याने लिहावा, म्हणजे बदल डोळ्यांत भरतो. जुन्या अ-युनिकोड फाँटमधील मजकूर असेल, तर त्याचे रूपांतर नोंद सुरू करण्यापूर्वीच उरकावे, अन्यथा सारा मसुदा लालेलाल होऊन खरे बदल त्यात बुडतात.

क्रम आणि अधिकार

पुढील आवृत्तीच्या वेळी आम्ही कामाचा क्रम बदलला. मसुदा प्रथम विषयतज्ज्ञांकडे, नंतर संपादकांकडे आणि त्यानंतर पुन्हा विषयतज्ज्ञांकडे. या दुसऱ्या फेरीत त्यांनी केवळ संपादकांचे बदल पाहावयाचे. Show Markup मधील Specific People येथे इतरांची नावे वगळल्यास तेवढेच बदल दिसतात आणि काम थोडक्यात होते. ही दुसरी फेरी अनेकदा वेळेअभावी गाळली जाते. आमच्या अनुभवात चूक नेमकी तेथेच शिरली होती.

बदल स्वीकारण्याचा किंवा नाकारण्याचा अधिकार एकट्या लेखकाकडे ठेवला. Lock Tracking चा खरा उपयोग येथे होतो. ते चालू असता परवलीचा शब्द ठाऊक नसलेल्यास Accept वा Reject करता येत नाही. शिवाय मापे, मात्रा आणि निषेधार्थी सूचना असलेली वाक्ये लेखकाने प्रारंभीच पिवळ्या रंगाने ठळक करावीत, असे ठरले. अशा राखीव वाक्यांत संपादकाने थेट हात न घालता शेजारी टिप्पणी लिहावयाची. ‘सपाट दोनदा हवे का?’ एवढी टिप्पणी असती, तरी बाईंनी तिला तत्काळ उत्तर दिले असते.

सर्वांनी दृश्य All Markup वर ठेवणेही आवश्यक आहे. वर्ड २०१३ पासून Simple Markup हे आपोआप समोर येणारे दृश्य आहे. त्यात समासात केवळ एक लाल रेघ दिसते आणि मजकूर स्वच्छ भासतो. बदल झालेच नाहीत असे समजून मान्यता देणारे परीक्षक आम्ही पाहिले आहेत.

तपासणीसूची

एवढी दक्षता घेतली तरी बदलांची नोंद फक्त काय बदलले हे सांगते. जे बदलावयास हवे होते पण कोणीच बदलले नाही, त्याविषयी ती मूक असते. मूळ मसुद्यात ‘सपाट’ नव्हताच. बाईंच्या नजरेतून ते सुटले असते, तर मसुदा अगदी निर्दोष दिसला असता. तपासणीसूचीचे काम येथे सुरू होते.

आमची पहिली सूची प्रचलित पद्धतीची होती : ‘मापे तपासली का?’ आणि समोर होय-नाही. तिघांनीही ‘होय’ लिहिले होते. अशी सूची भरण्यासाठी मसुदा वाचावा लागत नाही, हा तिचा मोठा दोष. म्हणून दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी प्रश्नांची घडण बदलली. ‘अंतिम मसुद्यानुसार एक लिटर पाण्यात मीठ किती आणि कशाने मोजून?’ असा प्रश्न ठेवला आणि उत्तर मसुद्यात पाहून स्वतःच्या हाताने लिहावयास सांगितले. तिघांनी परस्परांची उत्तरे न पाहता लिहावयाचे आणि लेखकाने ती ताडून पाहावयाची. विषयतज्ज्ञांच्या सूचीत एक रकाना अधिक : हे प्रमाण कोणत्या आधारावरून व कोणत्या वर्षाच्या?

या रकान्याने लगेच एक दोष उघड केला. तयार पाकिटातील घटकांचा तक्ता लेखिकेने एका जुन्या पाठ्यपुस्तकातून घेतला होता. त्यात दर लिटरला ३.५ ग्रॅम मीठ व २० ग्रॅम ग्लुकोज होते. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी २००२ मध्ये हे सूत्र बदलून मीठ २.६ ग्रॅम व ग्लुकोज १३.५ ग्रॅम असे केले आहे. तक्त्यात कोणीही बदल केलेला नसल्याने बदलांच्या नोंदीत त्याचा मागमूस नव्हता, आणि पहिली आवृत्ती तशीच छापली गेली होती.

सूची लांबू देऊ नये. आमची सात प्रश्नांची आहे आणि त्यांपैकी चार राखीव वाक्यांविषयी आहेत. प्रारंभी ती बावीस प्रश्नांची होती, तेव्हा शेवटची उत्तरे पहिल्या उत्तरांवरून उतरवलेली आढळत. शुद्धलेखन, परिच्छेदरचना इत्यादी बाबी तिच्यातून वगळल्या, कारण त्या बदलांच्या नोंदीत दिसतातच.

सर्व बदल निकालात निघाल्यावर सूची भरावयाची, त्याआधी नाही. नोंद चालू असलेल्या प्रतीवर भरलेली सूची त्या दिवशीच्या मसुद्याची असते, छापखान्यात जाणाऱ्या मसुद्याची नसते. आमच्याकडे आता छापखान्याची प्रत, भरलेल्या तीन सूची आणि विषयतज्ज्ञांची शेवटची प्रत एकाच फोल्डरमध्ये दिनांकासह ठेवली जाते. दुसऱ्या आवृत्तीच्या सूचीत मिठासमोर तिघांच्याही अक्षरांत ‘अर्धा सपाट चमचा’ असे आहे. संपादकांनी त्याखाली रेघ ओढली आहे.