‘ताजं दूध घरपोच’ लिहिण्याआधी

गोठ्यातून थेट शहरातल्या दारात दूध पोचवणाऱ्या डेअऱ्यांच्या जाहिराती हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर आणि इन्स्टाग्रामवर रोज दिसतात. फोटो बहुधा एकच: हिरवं गवत, गीर गाय, काचेची बाटली. त्याखालचा मजकूरही ठरलेला असतो. ‘१००% शुद्ध, नैसर्गिक, केमिकल-फ्री ए२ दूध. पहाटे काढलेलं, सकाळी तुमच्या दारात!’ या दोन ओळींतलं किती खरं ठरतं, हे एका गोठ्याचा दिवस डोळ्यांपुढे ठेवून पाहू.

समजा, पुण्याजवळ मुळशी तालुक्यात तीस गायींचा गोठा आहे आणि रतीब कोथरूडला आहे. पहाटे चारला धारा सुरू होतात आणि सव्वापाचपर्यंत आटोपतात. कासेतून आलेलं दूध गायीच्या अंगाइतकं, म्हणजे ३८ अंशांच्या आसपास असतं. त्या उबेत जंतू झपाट्याने वाढतात, म्हणून ते गाळून लगेच कूलरमध्ये घालून ४ अंशांपर्यंत उतरवावं लागतं. त्यात पाऊणएक तास जातो. मग पॅकिंग, गाडी भरणं, घाटरस्ता. साडेसहाला गाडी निघाली तर शेवटच्या घराची बेल वाजेपर्यंत साडेआठ होतात. कोथरूडच्या घरात मात्र चहाचं आधण सहाला चुलीवर असतं, शाळेची बस सातला येते. ग्राहकाला दूध साडेसहाच्या आत हवं असतं.

म्हणून बहुतेक गोठ्यांना एकच मार्ग उरतो. सकाळच्या पहिल्या फेरीत आदल्या संध्याकाळच्या धारेचं दूध जातं. संध्याकाळी साडेचार-पाचला काढलेलं, थंड करून रात्री भरलेलं, बारा-तेरा तासांचं. त्यात वाईट काही नाही. रात्रभर ४ अंशांवर राहिलेलं दूध, थंड न करता तीन तास स्कूटरच्या डिकीत फिरलेल्या पहाटेच्या दुधापेक्षा कितीतरी चांगलं. खोटं आहे ते फक्त ‘पहाटे काढलेलं’ हे वाक्य. त्याऐवजी ‘काल संध्याकाळची धार, रात्रभर ४ अंशांवर, सकाळी ५.३० ते ७ दरम्यान घरी’ असं लिहिलं की ग्राहकाला खरी माहिती मिळते आणि ती तो तपासूही शकतो.

तपासणं अवघड नाही. स्वयंपाकघरात वापरायचा थर्मामीटर असेल तर दूध दारात आल्याबरोबर बुडवून बघावा. बर्फाच्या किंवा इन्सुलेटेड पेटीतून आलेलं दूध हाताला गारच लागतं आणि तापमान सहसा एक अंकी असतं. ते पंधरा-अठरा अंशांवर पोचलं असेल तर वाटेतली साखळी तुटली आहे. उन्हाळ्यात दूध तापवताना नासलं तर गवळ्याने पाणी घातलं असा संशय लगेच येतो, पण पाण्याने दूध नासत नाही, आंबटपणा वाढला की नासतं. दोष बहुधा थंड करण्यात झालेल्या उशिराचा असतो.

आता भांड्याकडे वळू. काचेची बाटली दिसायला सुंदर, पण तिच्यामागे कष्ट आहेत. परत आलेली प्रत्येक बाटली गरम पाण्याने आणि धुण्याच्या सोड्याने आतून साफ करावी लागते, स्वच्छ पाण्याने खळबळावी लागते, झाकण दरवेळी नवं लागतं. पारदर्शक बाटली दारात उन्हात उभी राहिली तर प्रकाशाने दुधातलं बी-२ जीवनसत्त्व कमी होतं आणि चवही बिघडते. त्यामुळे ‘बाटली उन्हात ठेवू नका’ ही ओळ ‘पर्यावरणपूरक’ या शब्दापेक्षा उपयोगाची. पिशवी वापरणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात २०१८ च्या प्लास्टिकबंदीनेच अट घातली आहे: पिशवी ५० मायक्रॉनपेक्षा जाड हवी आणि रिकामी पिशवी परत घेण्याची किंमत तिच्यावर छापलेली हवी. बाटली असो की पिशवी, पॅकिंगची तारीख, कधीपर्यंत वापरायचं आणि एफएसएसएआयचा चौदा अंकी नंबर त्यावर असायलाच हवा.

खरी कसोटी लागते ती गुणाच्या शब्दांची. अन्नपदार्थांच्या जाहिरातींसाठी एफएसएसएआयचे २०१८ चे नियम आहेत. त्यांनुसार ‘ताजं’ हा शब्द धुणं, थंड करणं असे साधे संस्कार झालेल्या पदार्थालाच लावता येतो. टिकाऊपणा वाढवणारी प्रक्रिया झाली की तो सोडावा लागतो. म्हणजे फक्त थंड केलेल्या निरशा दुधाला तो शोभतो, पाश्चराइज केलेल्या दुधाला लावताना विचार करावा. ‘१००%’ लिहू नका, असा सल्ला एफएसएसएआयने मे २०२५ मध्ये दिला आहे. ‘ऑरगॅनिक’साठी प्रमाणपत्र लागतं, गाय रानात चरते एवढ्यावर ते मिळत नाही.

‘ए२’ची गोष्ट गमतीची आहे. ए१ आणि ए२ हा दुधातल्या बीटा-केसीन या प्रथिनाच्या रचनेतला बारीक फरक. आपल्या देशी गायींत ए२ प्रकार जास्त आढळतो, हे खरं. ऑगस्ट २०२४ मध्ये एफएसएसएआयने हे दावे काढून टाकायला सांगितलं आणि काही दिवसांतच तो आदेश मागे घेतला. दावा लिहायचाच तर आपल्या गायींची जनुकीय तपासणी झालेली हवी. नसेल तर ‘गीर गायीचं दूध’ लिहावं आणि थांबावं. ‘सहज पचतं’, ‘प्रतिकारशक्ती वाढवतं’ ही शेपटं लावू नयेत.

‘प्रिझर्वेटिव्ह नाही’ ही ओळही फसवीच. ताज्या दुधात प्रिझर्वेटिव्ह घालायला कोणालाच परवानगी नाही, मग त्याची फुशारकी कसली? ‘हॉर्मोन-फ्री’ तर शक्यच नाही, कारण गायीच्या दुधात हॉर्मोन नैसर्गिकपणेच असतात. ‘अँटिबायोटिक-फ्री’च्या जागी गोठ्यात खरोखर काय करता ते सांगावं: कासदाहावर औषध चालू असलेल्या गायीचं दूध, औषधाचा ठरलेला काळ संपेपर्यंत, रतिबात घालत नाही. अर्थात, हे पाळत असाल तरच. फॅटचा आकडाही जपून लिहावा. गायीच्या दुधाला कायद्याने किमान ३.२ टक्के फॅट आणि ८.३ टक्के एसएनएफ लागतं, पण चारा, ऋतू आणि वेत यांप्रमाणे फॅट वरखाली होतं. ‘रोज ४.५’ लिहिलं की एखाद्या दिवशी तोंडघशी पडायची वेळ येते.

हे सगळं गाळून आपल्या गोठ्याचा मजकूर असा होईल:

‘आमच्या गोठ्यातलं गायीचं निरसं दूध. काल संध्याकाळची धार, काढल्यावर लगेच ४ अंशांपर्यंत थंड केलेली. सकाळी ५.३० ते ७ मध्ये घरपोच, थंड पेटीतून. काचेची १ लिटर बाटली. रिकामी विसळून परत द्या. रोज फॅट आणि एसएनएफ तपासतो, कालचे आकडे विचारा, सांगू. दूध पाश्चराइज केलेलं नाही, उकळूनच वापरा. फ्रीजमध्ये ठेवा, आजच संपवा. नंबर बाटलीवर आहे.’

यात एकही टाळीचं वाक्य नाही, पण ‘उकळूनच वापरा’ गाळायचं नाही. निरशा दुधातून ब्रुसेलोसिससारखे रोग माणसाला होऊ शकतात, आणि धारोष्ण दूध पिण्याचं कौतुक असलेल्या घरांत ही सूचना छापलेली असणं गरजेचं आहे. ज्या दिवशी वीज जाऊन कूलर बंद पडला, त्या दिवशी ‘४ अंश’ खरं राहत नाही. तेव्हा ग्राहकांना सकाळी तसा मेसेज जायला हवा, किंवा ते दूध रतिबातून काढून टाकायला हवं.

हा मजकूर बहुधा मालकाचा भाचा किंवा डिझाईन करणारी मुलगी लिहिते. त्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. अन्नसुरक्षा कायदा, २००६ च्या कलम ५३ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि तो जाहिरात प्रसिद्ध करणाऱ्याला किंवा तिच्या प्रसिद्धीत सहभागी असणाऱ्या कोणालाही लागू आहे.