विचारत राहायचं, की कळवायला सांगायचं?

प्रोग्रामर आपला बदल मुख्य कोडमध्ये मिसळण्याआधी सहकाऱ्यांपुढे तपासायला ठेवतो, त्याला पुल रिक्वेस्ट म्हणतात. ती आली, बदलली किंवा मिसळली गेली की टीमच्या चॅटवर लगेच कळावं, एवढीच बहुतेकांची गरज असते. गिटहबवर त्याचे दोन मार्ग आहेत. आपला प्रोग्राम ठरावीक वेळाने ‘काही नवीन?’ विचारतो, ते पोलिंग. आपण पत्ता देऊन ठेवायचा आणि काही घडलं की गिटहबने तिथे निरोप धाडायचा, तो वेबहुक.

वेबहुक ऐकायला सरस वाटतो, पण त्या पत्त्यावर सतत जागा असलेला सर्व्हर लागतो, तोही इंटरनेटवर उघडा. मग निरोप खरंच गिटहबचा आहे ना, हे `X-Hub-Signature-256` या सहीवरून तपासावं लागतं. शिवाय १० सेकंदांत पोच द्यावी लागते, नाहीतर निरोप फसला असं धरलं जातं. फसलेला निरोप गिटहब आपणहून पुन्हा पाठवत नाही. शुक्रवारी रात्री सर्व्हर पडला आणि कुणाचं लक्ष मंगळवारी गेलं, तर तोवर पुन्हा मागवण्याची तीन दिवसांची मुदतही टळलेली असते. यात त्रुटीचा संदेश वगैरे काही दिसत नाही. चॅट नुसतं शांत असतं आणि सगळ्यांना वाटतं, सुट्टीत कुणी काम केलं नाही.

आता पाच जणांची, सहा रिपॉझिटरींची टीम धरा. दर मिनिटाला प्रत्येक रिपॉझिटरीला एकदा विचारलं, तरी तासाला ३६० विनंत्या होतात. टोकन वापरणाऱ्याला साधारणपणे तासाला ५,००० मिळतात. मागच्या उत्तरासोबत आलेला `ETag` पुढच्या विनंतीत `If-None-Match` म्हणून परत धाडला, तर काहीच बदललं नसताना ३०४ असं कोरं उत्तर येतं आणि ते या मर्यादेत धरलंही जात नाही. विनंती अशी:

```
GET /repos/OWNER/REPO/pulls?state=all&sort=updated&direction=desc
```

यातलं `state=all` विसरू नये. ते नसेल तर फक्त उघड्या पुल रिक्वेस्ट येतात, आणि मिसळली गेलेली यादीतून नुसती गायब होते. प्रोग्राम मधे बंद पडला, तर सुरू झाल्यावर शेवटच्या नोंदलेल्या वेळेपासून पुढचं वाचतो.

पोलिंगला दिसते ती फक्त विचारण्याच्या क्षणाची स्थिती. त्या मिनिटात कुणी रिक्वेस्ट बंद करून पुन्हा उघडली, तर मधली हालचाल कळत नाही. चॅटवरच्या सूचनेसाठी माझ्या मते हे चालून जातं. प्रत्येक हालचालीची नोंद हवी असेल, किंवा कोड आल्या सेकंदाला चाचणी सुरू व्हायला हवी असेल, तेव्हा मात्र वेबहुक घ्यावा. तरीही तासाला एकदा पोलिंगची फेरी ठेवावी, म्हणजे सर्व्हर पडला असताना हुकलेल्या रिक्वेस्ट तिच्यात सापडतील. दोन्हीकडून तीच बातमी दोनदा चॅटवर जाऊ नये, म्हणून पुल रिक्वेस्टचा क्रमांक आणि तिची शेवटची बदललेली वेळ जपून ठेवावी आणि सूचना देण्याआधी ताडून पाहावी.